पाच घटकांची दिवाळी

नियम पाळला म्हणजे दोष उरत नाही, अशी समजूत जन्मभर वर्गात मुलांना शिकविताना आम्ही बाळगून होतो. ती 2023 सालच्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री मुंबईस सुटली. कशी सुटली ते सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या दिवाळीस आम्ही उभयता दारव्ह्याहून दादरला धाकट्या चिरंजीवाकडे गेलो होतो. पावसाळा सरल्यावर मुंबईची हवा इतकी बिघडली होती, की मुंबई उच्च न्यायालयाने तो विषय आपण होऊन हाती घेतला होता. 6 नोव्हेंबर रोजी न्यायालयाने फटाक्यांस सायंकाळी सात ते दहा अशी मर्यादा घातली. आणि 10 नोव्हेंबरला, म्हणजे ऐन धनत्रयोदशीस, ती आणखी आखडून आठ ते दहा एवढीच ठेवली. फटाक्यांवर सरसकट बंदी मात्र घातली नाही. जुन्या कालगणनेने दोन तास म्हणजे बरोबर पाच घटका. आमच्या कुटुंबास आम्ही विनोदाने म्हणालो, "यंदाची दिवाळी पाच घटकांची आहे, हो!"

आमच्या नातवाचे वय तेव्हा नऊ वर्षांचे. त्यास बालदम्याचा विकार आहे. सूनबाईंनी आधीच बजावले होते, "अण्णा, सुतळी बाँब, लडी, आवाजाचे काही आणू नका. त्याला धसका बसतो." आम्हांसही ते पटले. बाजारात जाऊन आम्ही स्वतः निवड केली: फुलझड्यांचे चार पुडे, सहा अनार आणि नागगोळीच्या दोन डब्या. नागगोळी म्हणजे ती काळी टिकली, जी पेटविली असता राखेचा साप वळवळत बाहेर पडतो. आवाज मुळीच नाही, उडणे नाही, भाजण्याची भीती थोडी. आजोबाने नातवाकरिता घ्यावी अशी याहून सोज्वळ वस्तू दुसरी कोणती?

पूजा आटोपली. आठ वाजून गेल्यावरच, घड्याळ पाहून, आम्ही नातवास घेऊन खाली उतरलो. दोन इमारतींच्या मधली ती बोळ. रुंदी फार तर आठ-दहा पावले. साप वळवळला की नातू ओणवा होऊन तोंड जवळ नेऊन पाही आणि टाळ्या पिटी. आम्ही कौतुकाने काडी ओढून देत होतो. साडेनऊला सारे संपवून, शिस्तीने केरसुद्धा गोळा करून, आम्ही वर गेलो.

रात्री दोनच्या सुमारास सूनबाईंच्या हाकेने जाग आली. नातू अंथरुणात उठून बसला होता. प्रत्येक श्वासागणिक छातीतून शिटीसारखा आवाज येत होता आणि बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. चिरंजीवाने औषधाची वाफ देण्याचे यंत्र लावले. डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलणे झाले. पहाटे चारच्या पुढे श्वास कसाबसा सैल झाला. तोवर आमचे कुटुंब देवापाशी बसून होते आणि आम्ही खिडकीपाशी उभे होतो. फटाके केव्हाच थांबले होते. परंतु रस्त्यावरच्या दिव्याभोवती पिवळसर धुके तसेच लटकत होते.

सकाळी नातवाने क्षीण स्वरात विचारले, "आजोबा, आपण आवाजाचे काहीच वाजवले नव्हते ना? मग मला का झाले?" आम्हांस उत्तर देता आले नाही. जन्मभर मुलांस प्रश्न विचारणाऱ्या माणसास ही गोष्ट सोसवणारी नव्हती. दारव्ह्यास परतल्यावर आम्ही या प्रश्नाच्या मागे लागलो.

पहिले उत्तर पुण्यात सापडले. तेथील चेस्ट रिसर्च फाउंडेशन या संस्थेने 2016 साली नेहमीचे सहा प्रकारचे फटाके जाळून, लावणारा जेथे उभा राहतो तेथे, धुरातील सूक्ष्म कण मोजले. हे कण इतके बारीक असतात, की नाकाच्या केसांत अडकत नाहीत. थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. घनमीटर हवेत ते चोवीस तासांच्या सरासरीने 60 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावेत, असे आपल्या देशाचे मान आहे. अनाराच्या धुरात त्यांची कमाल पातळी सुमारे पाच हजारांच्या घरात भरली, फुलझडीच्या धुरात दहा हजारांवर, लडीच्या धुरात अडतीस हजारांवर. आणि सर्वांत वर, चौसष्ट हजारांच्याही पुढे, कोण असेल? आमची नागगोळी! हे आकडे काही क्षणांचे, हे खरे; दिवसभराच्या सरासरीशी त्यांची सरळ तुलना करता येत नाही. परंतु त्याच क्षणांत आमचा नातू ओणवा होऊन पाहत होता. ज्यास आम्ही सोज्वळ समजलो, तो त्या सहा जणांत सर्वांहून अधिक धूर ओकणारा निघाला.

आमची चूक कोठे झाली, हे तेव्हा उमगले. फटाक्याचा त्रास म्हणजे आवाज, हे आम्ही धरून चाललो होतो. आणि ही समजूत आमची एकट्याची नव्हे. आपले फटाक्यांचे नियमही प्रथम कानाकरिताच झाले. 1999 साली ठरले, की फटाका फुटेल तेथून चार मीटरवर त्याचा आवाज 125 डेसिबलहून अधिक भरता कामा नये. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात फटाके वाजविण्यास मनाई केली, ती लोकांची झोपमोड टळावी म्हणून. धुराचा विचार पुढे 2018 च्या निकालात आला. त्यात कमी धुराचे फटाकेच विकावेत, लडी बंद कराव्यात आणि दिवाळीस रात्री आठ ते दहा एवढीच वेळ असावी, असे ठरले. हे कमी धुराचे, म्हणजे 'हरित' फटाके आमच्या विदर्भातल्याच, नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने सिद्ध केले, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्यांनी धूर सुमारे तीस टक्के कमी होतो, असे ती संस्थाच सांगते. उरलेले सत्तर टक्के कोठे जातात, हे डबीवरचे हिरवे चिन्ह पाहून कोणी विचारीत नाही.

दुसरे उत्तर हवेच्या वागणुकीत होते. नाद आणि धूर ही एकाच फटाक्याची दोन अपत्ये. पण स्वभाव अगदी भिन्न. नाद फुटला की क्षणात विरतो. दहाच्या ठोक्याला हात थांबले, की कानास त्याच क्षणी शांतता. म्हणून नादास घड्याळाची मर्यादा शोभते. धुराचे तसे नाही. दिवसा ऊन जमिनीस तापविते, जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर चढते आणि आपल्याबरोबर धूर उंच नेऊन पांगविते. मुंबईस तर दुपारी समुद्रावरचा वाराही त्यास हातभार लावतो. सूर्य मावळला की जमीन निवते, तिच्या लगतची हवा गार व जड होऊन खाली बसते आणि वर तुलनेने उबदार हवेचे झाकण पडते. मग धुरास वर वाट नाही. पावसाळा संपून थंडी लागते, वारा पडतो, त्याच संधिकाळात नेमकी दिवाळी येते. तात्पर्य, आठ ते दहा ही वेळ कानास सोयीची असली, तरी फुफ्फुसास नव्हे. त्या पाच घटकांत सोडलेला धूर सकाळी ऊन चढेपर्यंत बोळीतच मुक्काम करतो. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगानंतर पहाटे फटाके उडविण्याची आपली जुनी हौसही या हिशेबात बसत नाही. पहाटेची हवा तर रात्रभर बसून अधिकच जड झालेली असते.

येथे आणखी एक फसगत होते. हवेचा जो निर्देशांक आपण वर्तमानपत्रात किंवा भ्रमणध्वनीवर पाहतो, तो बहुधा मागील चोवीस तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. मध्यरात्रीचे शिखर त्यात दुपारच्या बऱ्या हवेत मिसळून बुटके दिसते. ज्यांच्या घरी दमेकरी आहेत त्यांनी सरासरी पाहू नये, तासातासाचे आकडे पाहावेत. आणि आकडे नसले तरी खिडकी आहेच. रस्त्यावरच्या दिव्याभोवती वलय दिसले व गंधकाचा वास आला, की खिडक्या मिटून मुलास आतल्या खोलीत निजवावे.

कोणी म्हणतील, वर्षातून चार दिवस, त्याचे एवढे काय? आणि शहराची हवा काय फटाक्यांनीच बिघडते? चिरंजीवाच्या शेजारच्या गृहस्थांनी हेच विचारले आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मोटारींचा धूर आणि बांधकामाची धूळ बाराही महिने असते. न्यायालयानेही त्याच आदेशांत राडारोड्याच्या वाहतुकीवर बंधने घातली होती. आमच्या नागगोळ्या न जळत्या तर मुंबईचा आकडा तसूभरही हलला नसता. परंतु आमच्या नातवाच्या नाकाशी धूर नेला तो मुंबईने नव्हे, आम्ही. शहराची हवा सर्वांच्या हाती आहे. मुलाच्या तोंडासमोरची वीतभर हवा मात्र ज्याने काडी ओढली त्याच्या हाती असते.

मग शोभेच्या दारूस जागाच नाही काय? आहे; पण ती बोळीत नव्हे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी हिंदुस्थानातील शोभेच्या दारूचा इतिहास शोधून लिहिला आहे. त्यात पेशव्यांच्या बखरीतील एक प्रसंग येतो. महादजी शिंदे सवाई माधवरावांस कोट्याच्या दिवाळीचे वर्णन सांगतात: तेथील राजा राजधानीच्या बाहेर दारूची लंका उभारतो, दारूचाच हनुमान ती जाळतो आणि सारी प्रजा दुरून पाहते. यातले 'बाहेर' आणि 'दुरून' हे दोन शब्द आम्हांस मोलाचे वाटले. 2018 च्या निकालातही ठरावीक मोकळ्या जागी सर्वांनी मिळून आतषबाजी करण्याचा मार्ग सुचविलेला आहे. वेळेची मर्यादा सर्वत्र पाठ झाली. जागेची सूचना मात्र बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली.

पुढच्या वर्षी, 2024 च्या दिवाळीस, नातू दारव्ह्यास आला. गावाबाहेर मोकळ्या रानात, दिवस मावळण्यापूर्वी, वाऱ्याची दिशा पाहून आम्ही दोन अनार लावले. नातू वाऱ्याच्या वरच्या अंगास वीस पावलांवर उभा होता. एरवी अंगणात पणत्या आणि दारात त्याने स्वतः केलेला आकाशकंदील. रात्री दोन वाजता आम्हांस सवयीने जाग आली. त्याच्या उशाशी जाऊन कान दिला. श्वास संथ चालला होता.

सकाळी त्यास म्हटले, "तुझ्या गेल्या वर्षीच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. चूक आजोबांची होती." तो म्हणाला, "मग आता नागगोळी कधीच नाही?" आम्ही म्हटले, "कधीच नाही." त्याने क्षणभर विचार केला आणि कागदाचा साप करावयास कात्री मागितली.