फेब्रुवारीतल्या मला



हे पत्र लिहून मी अम्मीकडे ठेवायला देते आहे. लिफाफ्यावर लिहिलंय, ‘सलग दोन टेस्टमध्ये मार्क घसरले आणि फिजिक्सची वही उघडवेना, तरच मागायचं.’ म्हणजे तू आता तिथे पोहोचली आहेस. मी ऑक्टोबरमध्ये आहे, डोकं शांत आहे, आणि जे आकडे आज समोर दिसताहेत ते तुला तेव्हा दिसणार नाहीत म्हणून लिहिते आहे. धीराच्या गोष्टी खाला फोनवर सांगेलच, त्या इथे नकोत.

आधी गेल्या सहा टेस्ट. ४९८, ५३१, ४८७, ५४०, ५१२, ५२६. सरासरी ५१६. या सहाही टेस्टच्या काळात माझा अभ्यास सारखाच चालू होता, तरी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत ५३ मार्कांचा फरक आहे. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ मिळतात आणि चुकलं तर १ जातो, म्हणून एक प्रश्न बरोबरच्या बाजूचा चुकीच्या बाजूला सरकला की ५ मार्क कमी होतात. १८० पैकी दहा-अकरा प्रश्न असे सरकले की ५३ गेले. तेव्हा एका टेस्टचा आकडा घेऊन रडत बसू नकोस. मागच्या सहांची सरासरी काढ. ती ५१६ च्या आसपास असेल तर काही बिघडलेलं नाही, फक्त पेपर वेगळा आला. ती खरोखर ४८० कडे उतरली असेल, तर पुढचं वाच.

४८७ चा पेपर मी पूर्ण सोडवून पाहिला आहे. त्यात १३१ बरोबर, ३७ चूक आणि १२ सोडलेले होते. दुसऱ्या दिवशी फजरनंतर ते ३७ प्रश्न कोऱ्या कागदावर, घड्याळ न लावता, उत्तरपत्रिका न बघता पुन्हा सोडवले. १९ सरळ बरोबर आले. ११ एनसीईआरटीचं ते एक पान बघितल्यावर आले. फक्त ७ असे निघाले की जे मला येतच नव्हते. टेस्ट संपल्यावर ‘मला काहीच येत नाही’ असं वाटतं ना, ते मोजल्यावर सात निघतं.

हे करताना एक पथ्य आहे. उत्तर वाचून ‘हो, हे माहीत होतं’ म्हणणं मोजायचं नाही. कागदावर स्वतः सोडवून आलं तरच आलं. वाचलेलं सगळं माहीतच असल्यासारखं वाटतं, आणि त्या भरवशावर महिना निघून जातो.

मग तो पेपर ५४० च्या पेपरशेजारी ठेवला. बायोलॉजीत ३२२ चे ३०२ झाले होते, केमिस्ट्रीत १२९ चे १०९. दोन्हीकडे चार-चार प्रश्न. बायोलॉजीचे चारही अकरावीच्या वनस्पतींच्या धड्यांतले. सेलाजिनेला आणि साल्विनिया दोन वेगळ्या प्रकारचे बीजाणू तयार करतात, ब्रायोफाइटमध्ये मुख्य पिढी कुठली आणि टेरिडोफाइटमध्ये कुठली, असलेच. केमिस्ट्रीचे चार कोऑर्डिनेशन कंपाउंडचे. हे सगळं जुलैत तोंडपाठ होतं. जुलैनंतर ती पानं उघडलीच गेली नव्हती, कारण क्लास पुढे सरकला. म्हणजे हा समजुतीचा प्रश्न नाही, विसरण्याचा आहे, आणि त्यावर नवीन पुस्तक हा इलाज नाही. निळ्या वहीच्या शेवटच्या पानावर धड्यांची नावं आणि प्रत्येकापुढे शेवटच्या उजळणीची तारीख लिहिली आहे. ज्याला सहा आठवडे उलटले असतील तो धडा आधी घे. मला खात्री आहे की मार्क तिथेच अडकलेले असतील.

फिजिक्सची गोष्ट निराळी आहे आणि मला जास्त मजेची वाटली. ५४० च्या पेपरात मी ३१ प्रश्न केले, २४ बरोबर. ४८७ च्या पेपरात ३९ केले, २३ बरोबर. आठ प्रश्न जास्त करून एक बरोबर कमी! निव्वळ डोळे मिटून गोल भरले असते तरी चारांत एखादा लागतो, ४ मिळतात, ३ जातात, १ उरतो. मग हे त्याहून वाईट कसं? चुकलेल्या १६ पैकी १० प्रश्नांशेजारी मी पेपरातच प्रश्नचिन्ह केलं होतं. त्यांपैकी सातांत मी निवडलेला पर्याय अर्धवट आठवलेल्या सूत्राचा होता. २ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १० व्होल्टला जोडला तर साठलेली ऊर्जा १०० मायक्रोज्यूल. सूत्रातला अर्धा विसरलात तर २०० येतं, आणि पर्यायांत २०० हजर असतंच. पेपर काढणाऱ्याला आपण कुठे घसरतो ते माहीत असतं. त्यामुळे अर्धवट आठवण ही कोऱ्या अंदाजापेक्षा महाग पडते, कारण ती थेट त्या पर्यायावर नेऊन सोडते आणि वर दोन मिनिटं खाते. एककं जुळवून दोन पर्याय पक्के बाद करता आले तर भर, नाहीतर पुढे जा. टेस्ट वाईट गेली की पुढच्या टेस्टमध्ये जास्त प्रश्न करून भरून काढावंसं वाटतं. नेमकं तेव्हाच हा आकडा बघ.

तुझ्याकडे बहुतेक रमजान सुरू असेल. क्लासची टेस्ट परीक्षेच्या वेळेलाच, दुपारी २ ते ५ असते. रोजा आणि सेहरीसाठी मोडलेली झोप, दोन्हींचा जोर त्याच तीन तासांत असतो. त्या टेस्टचे मार्क वहीत लिही, पण वेगळ्या रंगाने, आणि ऑक्टोबरच्या आकड्यांशी तुलना करू नकोस. परीक्षा मे महिन्यात आहे, तोवर रमजान संपलेला असेल. त्या महिन्यात पाठांतर सेहरीनंतर आणि गणितं तरावीहनंतर ठेव. दुपारी फक्त वाचन.

आता घरचं. हे दुसरं वर्ष आहे आणि अब्बांशी काय ठरलं ते तुला चांगलं आठवतंय, तरी लिहिते. क्लासची फी त्यांनी दुकानाच्या मालाचे पैसे थांबवून भरली आहे, आणि तिसरं वर्ष नाही हे मीच म्हटलं होतं, त्यांनी नव्हे. मागच्या वर्षीचे ४३८ होते. मार्चच्या शेवटी सहा टेस्टची सरासरी ५०० खाली असेल तर एमबीबीएसच्या जोडीला बीयूएमएस आणि बीएचएमएसची कॉलेजं बघायला लागायचं. त्याच नीटच्या मार्कांवर तिथे प्रवेश होतो. फार्मसीसाठी एमएचटी-सीईटीचा फॉर्म मात्र वेगळा आहे आणि त्याची तारीख याच दिवसांत येते. तो भरला नसेल तर हे पत्र वाचून झाल्यावर आधी ते काम कर. त्या परीक्षेत चुकीला मार्क जात नाहीत, तेव्हा तिथे एकही गोल कोरा सोडायचा नाही.

फॉर्म भरणं म्हणजे हार मानली असं दादी म्हणेल. तिला म्हणू दे.

आज नवीन टेस्ट देऊ नकोस, निदान चार दिवस. मागच्या दोन टेस्टचे चुकलेले प्रश्न काढ आणि त्यांचे तीन ढीग कर, जसे मी ३७ चे केले. आलेले, पान बघून आलेले, न आलेले. तिसऱ्या ढिगात पंधराच्या वर निघाले तर मात्र माझा हिशेब तुला लागू नाही. मग ते प्रश्न घेऊन क्लासच्या सरांकडे जा, घरी बसून सुटणार नाहीत.

निळी वही कपाटात वरच्या फळीवर, अम्मीच्या शालींच्या मागे आहे. दोन्ही पेपर तिच्यातच घडी घालून ठेवले आहेत.

तुझीच,
ऑक्टोबरमधली मी