जुडी दुपारी पिवळी पडते

पालेभाजीच्या गाडीवर घड्याळ माणसाचं चालत नाही, कोथिंबिरीचं चालतं. कांदा-बटाटा आठवडा तग धरतो. कोथिंबीर आणि मेथी रात्री शेतातून निघतात, पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कुणी हात लावत नाही. माझा दिवस या एका गोष्टीभोवती बांधलेला आहे.

साडेतीनला आम्ही चौघीजणी मिळून केलेला टेम्पो निघतो. पोहोचल्याबरोबर माल उचलायचा नाही, आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारायची. आवक किती, कुठला माल ओला, कुठला कोरडा, भाव वर चाललाय की खाली, हे त्या फेरीत कळतं. उजाडल्यावर भाव कधीकधी उतरतो, पण तोवर चांगल्या जुड्या गेलेल्या असतात. ताजा माल हवा असेल तर अंधारातच हात घालावा लागतो.

हात घालायचा तो खरोखरच जुडीत. वरची पानं सगळ्यांचीच हिरवी दिसतात. ढिगाच्या मधली जुडी ओढून काढायची आणि बोटं तिच्या पोटात सारायची. आत गार लागली तर माल टिकेल. कोमट लागली तर ती रात्रभर दाबून आली आहे आणि आतून तापली आहे. अशी जुडी सकाळी कितीही टवटवीत दिसो, दुपारी पिवळी पडणारच. पावसाळ्यात तर ही परीक्षा कधीच चुकवू नये, कारण भिजलेला माल सर्वांत आधी तापतो.

सहा-साडेसहाला गाडीवर आलं की निवडणं सुरू. दोर सोडायचा, पिवळी पानं काढायची, मुळांची माती झटकायची आणि जुडी पुन्हा बांधायची. बांध सैल ठेवायचा, म्हणजे आत वारा खेळतो. पाणी पानांवर मारायचं नाही. खाली ओलं गोणपाट अंथरायचं आणि मुळं त्याच्याकडे करून जुड्या उभ्या लावायच्या. सतत पाणी शिंपडलं की माल तासभर चमकतो, मग काळा पडतो.

गिऱ्हाईक दोन वेळा येतं. आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ. मधल्या वेळात मी गाडीवर गोणपाट टाकून घरी जाते, शेजारची भाभी लक्ष ठेवते.

आता हिशेब सांगते, कारण सगळं तिथेच ठरतं. समजा कोथिंबिरीचा शेकडा नऊशेला मिळाला. हमाली आणि टेम्पोतला माझा वाटा धरून दीडशे, म्हणजे जुडी साडेदहाला पडली. निवडताना सहा जुड्या गेल्या. सकाळी साठ जुड्या पंधरा रुपयांनी विकल्या, नऊशे आले. गल्ला भरलेला दिसतो, पण अजून भांडवलही सुटलेलं नाही. संध्याकाळी पंचवीस जुड्या त्याच भावात गेल्या आणि उरलेल्या नऊ आठनंतर पाच-पाच रुपयांना दिल्या. दिवसाचे हातात उरले दोनशे सत्तर. म्हणजे कमाई सगळी संध्याकाळची आहे, सकाळ फक्त भांडवलाचा मोठा भाग परत करते.

त्याच भावात आणखी पन्नास जुड्या घेतल्या असत्या तर? पाचशे पंचवीस जास्त गेले असते. तीन खराब निघाल्या, बाकीच्या पाच रुपयांनीच सुटल्या, तर दोनशे पस्तीस परत. त्या दिवसाचे दोनशे सत्तर गेलेच, वर वीस रुपये पदरचे. स्वस्त दिसतंय म्हणून जास्त उचलणारी बाई या धंद्यात टिकत नाही.

शनिवारी यार्डातला फळ-भाजी विभाग बंद असतो. म्हणून शुक्रवारी मी पालेभाजी एका दिवसापुरतीच घेते आणि शनिवारसाठी आलं, लिंबू, गाजर, काकडी भरते. रविवारी आवक सर्वांत मोठी आणि लोक घरी असतात, तेव्हा हात सैल सोडायचा. एकादशीला कांदा कमी, रताळी जास्त.

नऊ वाजता आवरायला घेते. देठं आणि पिवळा पाला वेगळ्या पोत्यात, तो पलीकडचा शेळीवाला नेतो. मातीचा चिखल झाडून, जागा पाण्याने धुऊन टाकते. फेरीवाल्यांसाठी 2014 साली कायदा झाला, त्यातही आपली जागा स्वच्छ ठेवणं ही आमची जबाबदारी आहे. कायदा नसता तरी मी झाडलं असतं. सडका पाला पडून राहिला की समोरच्या सोसायटीची पहिली तक्रार गाडीवर येते, आणि ती रास्त असते. गोणपाटही धुऊन वाळत घालायचं. त्याला कालचा कुजका वास राहिला तर उद्याचा माल लवकर नासतो.

तुम्ही भाजी घ्यायला आलात तर एवढंच करा. जुडीचा दोर तोडून आतलं पाहू नका, बोट घालून पाहा. गार लागली तर घ्या, कोमट लागली तर माझ्याकडचीही घेऊ नका.