आठ आणि सात

नाशिकला गंगापूर रोडवर मी अभियांत्रिकीच्या मुलांचे प्रोग्रामिंगचे वर्ग घेतो. यादीतल्या कोणत्या दोन संख्यांचा एक्सॉर सर्वांत मोठा येतो, या प्रश्नावर माझं मत बरीच वर्षं ठाम होतं. सर्वांत मोठी संख्या त्या जोडीत असणारच, तेव्हा तिलाच बाकीच्यांशी ताडून पाहायचं. बायनरी ट्राय मला उगाच मांडलेला पसारा वाटे, आणि मुलांनाही मी तेच सांगत आलो.

मग एका विद्यार्थिनीने वहीत चार संख्या लिहून आणल्या: १०, ८, ७, २. म्हणाली, “सर, दहाला धरून जास्तीत जास्त १३ येतात. पण ८ आणि ७ घेतले की १५!”

मी मांडून पाहिलं. ८ म्हणजे १०००, ७ म्हणजे ०१११. फरक फक्त एकाचा, पण एकही बिट जुळत नाही. एक्सॉरला संख्येच्या मोठेपणाशी देणंघेणं नाही. बिट कुठे वेगळे पडतात, एवढंच तो पाहतो.

त्या दिवशी मी ट्राय नव्याने समजून घेतला. प्रत्येक संख्या डावीकडच्या बिटपासून झाडात उतरवायची. प्रत्येक ठिकाणी शून्याचा आणि एकाचा असे दोन फाटे. मग ८ घेऊन वरून निघायचं आणि दर वेळी उलटा फाटा शोधायचा. पहिला बिट १, म्हणून शून्याकडे वळायचं. तिथे ७ आणि २ आहेत. पुढे ० आहे, म्हणून एकाचा फाटा. तिथे फक्त ७ उरतो. पुढचे दोन्ही बिटही उलटे मिळतात आणि बेरीज १५ होते. उलटा फाटा नसेल तर आहे त्याच वाटेने जायचं, त्या बिटचं काही मिळत नाही. असं प्रत्येक संख्येसाठी करून सर्वांत मोठं उत्तर ठेवायचं.

वरचा बिट आधी मिळवण्याचा हा हव्यास चुकत कसा नाही, ही माझी खरी शंका होती. उत्तर साधं आहे: खालचे सगळे बिट मिळाले तरी ४ + २ + १ म्हणजे ७ होतात, आणि वरचा एकटा बिट ८ चा असतो.

एक पथ्य मात्र पाळावंच लागतं. सगळ्या संख्या सारख्याच लांबीच्या हव्यात. २ हा ००१० न लिहिता नुसता १० लिहिला, तर त्याचा १ आठच्या १ शेजारी बसतो आणि उत्तर बिघडतं.

यादी शंभर संख्यांची असेल, तर प्रत्येक जोडी तपासणं पुरतं. पण एक लाख संख्यांच्या जवळपास ५०० कोटी जोड्या होतात. ३१ बिटांच्या ट्रायमध्ये भरायला ३१ लाख आणि शोधायला ३१ लाख पावलं लागतात. त्याची किंमत मेमरीत मोजावी लागते, कारण झाडाच्या गाठी १६ लाखांच्या वर जाऊ शकतात.

माझ्या आधीच्या विद्यार्थ्यांना विनंती आहे: मी दिलेला तो नियम वहीतून खोडा आणि त्या जागी १०, ८, ७, २ लिहून ठेवा.