जाहिरातीतील क्रियापदे

नव्या शैक्षणिक धोरणानुसार 2023-24 पासून एम.ए.च्या पहिल्या वर्षात कार्यप्रशिक्षणाला चार श्रेयांक आले आणि नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेल्या आमच्या गोंदिया जिल्ह्यातील मराठीचे विद्यार्थीही इंटर्नशिपच्या जाहिराती वाचू लागले. या जाहिराती हा आमच्यासाठी वाङ्मयबाह्य मजकूर. पण त्या वाचताना साहित्याच्या विद्यार्थ्याला जे येते तेच, म्हणजे शब्दाचे वजन ओळखणे, कामी येते असे आमच्या ध्यानात आले.

देवरी तालुक्यातून येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीने पुण्याच्या एका प्रकाशनसंस्थेची जाहिरात आणली होती. मुद्रितशोधन व आशयलेखन, मुदत दोन महिने, काम घरून. अपेक्षित कौशल्ये सात होती: प्रमाण मराठी लेखन, युनिकोड टंकलेखन, इंग्रजीवरून अनुवाद, इनडिझाइनची ओळख, वर्डप्रेस, समाजमाध्यमांचा अनुभव आणि ‘मुद्रितशोधनाचा एक वर्षाचा अनुभव असल्यास प्राधान्य’. “सर, यातली दोनच येतात, मी कशाला अर्ज करू?” असे तिने विचारले.

आम्ही प्रथम कौशल्यांची यादी झाकून ‘कामाचे स्वरूप’ हा परिच्छेद वाचला. तिथे तीनच कामे होती: जुन्या पुस्तकांचा मजकूर युनिकोडमध्ये आणणे, त्याची पहिली व दुसरी मुद्रिते तपासणे आणि पुस्तकांचे शंभर शब्दांतील परिचय लिहिणे. मग प्रत्येक कौशल्यापुढे त्याची गरज लागणारे काम लिहिले. प्रमाणलेखन तिन्ही कामांत लागते, टंकलेखन पहिल्या व तिसऱ्या कामात. अनुवाद, इनडिझाइन, वर्डप्रेस व समाजमाध्यमे यांच्यापुढे लिहायला एकही काम सापडले नाही. ज्या कौशल्याला रोजचे काम नाही ते बहुधा ऐच्छिक असते. अनेकदा ते आधीच्या जाहिरातीतून तसेच उतरलेले असते.

नंतर क्रियापदे पाहिली. ‘आवश्यक’ व ‘अनिवार्य’ हे शब्द दार बंद करणारे आहेत. ‘ओळख’ म्हणजे प्रावीण्य नव्हे. ‘असल्यास प्राधान्य’ ही तर व्याकरणदृष्ट्याच सशर्त रचना आहे. अट पूर्ण झाली तर लाभ, न झाली तर अपात्रता नव्हे. दोन उमेदवार तुल्यबळ ठरले तर तिथे अनुभवाचे पारडे जड होईल, इतकाच तिचा अर्थ. मात्र एका जागेला शेकडो अर्ज येतात तेव्हा हे प्राधान्यच व्यवहारात चाळणी होते, हेही आम्ही तिला सांगितले. जागा किती आहेत हे म्हणूनच पाहावे. इथे पाच होत्या.

कौशल्य आणि पात्रता यांत मात्र गल्लत करू नये. 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या पहिल्या फेरीत वय 21 ते 24 असावे आणि उमेदवार पूर्णवेळ शिक्षण घेत नसावा, अशा अटी होत्या. आमचा नियमित विद्यार्थी कितीही गुणी असला तरी तिथे बसत नव्हता. वय, शिक्षण, मुदत, ठिकाण या अटींशी वाद घालता येत नाही. कौशल्य मात्र वाढवता येते.

आता उरला प्रश्न: ही दोन आवश्यक कौशल्ये तिच्याजवळ खरोखर आहेत काय? ‘मला शुद्धलेखन येते’ या वाक्याला पुरावा लागतो. आम्ही तिला एका जुन्या पुस्तकाची दोन पाने युनिकोडमध्ये टंकून आणायला सांगितली. त्याच पानांत तिच्या नकळत वीस चुका पेरून ती तपासायला दिली. ‘कवी’ दीर्घ पण ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व, ‘आणि’ नेहमी ऱ्हस्व, ‘पाणी’चे ‘पाण्याचा’ असे महामंडळाच्या नियमांतले साधेच प्रकार होते. तिने चौदा पकडल्या. सुटलेल्या सहांपैकी पाच एकाच जातीच्या होत्या: सामासिक शब्दातील पहिल्या पदाची वेलांटी. चुका अशा एकाच नियमाभोवती गोळा होत असतील तर आठवड्याच्या सरावाने त्या आवरतात. सर्वत्र विखुरल्या असत्या तर आम्ही तिला पुढच्या सत्रापर्यंत थांबायला सांगितले असते. टंकलेखनाला दोन पानांना दीड तास लागला. वेग कमी, पण मजकूर स्वच्छ होता.

म्हणून निर्णय अर्जाच्या बाजूने झाला. अर्जात तिने सातही कौशल्यांवर दावा केला नाही. दोन आवश्यक गोष्टींविषयी लिहून तपासलेली पाने सोबत जोडली. इनडिझाइन येत नाही, हे एका वाक्यात सांगितले.

उलट प्रकारची जाहिरातही त्याच आठवड्यात आली. तिच्यात लेखन, चित्रफीत-संपादन, संकेतस्थळाची देखभाल आणि विक्री ही चारही रोजची कामे होती, विद्यावेतन शून्य आणि ‘प्रशिक्षण शुल्क’ वेगळे. तिथे प्रत्येक कौशल्यापुढे काम सापडत होते, म्हणजे सारीच आवश्यक. शिकवणार कोण, याचा मात्र उल्लेख नव्हता. नवशिक्याने अशी जाहिरात बाजूला ठेवावी. तिला शिकाऊ माणूस नको, तिघांचे काम फुकट करणारा एक हवा असतो.