बावन्न खुणा

आमची लेक नीटची तयारी करते. सराव परीक्षेचा निकाल आला की आम्ही पहिलं विचारायचो, "तुझ्या मैत्रिणीला किती?" दहावीपर्यंत उर्दू शाळेत दोघी एकाच बाकावर. ‘खलिया’ म्हणजे ‘सेल’, हे अकरावीत एकमेकींकडून पाठ केलेलं. आता बोलणंच बंद.

परवा मगरिबनंतर उत्तरपत्रिका घेऊन बसलो. १८० प्रश्नांपैकी एकही कोरा नाही. ११२ बरोबर, ६८ चूक. बरोबरला चार गुण, चुकीला एक वजा, उरले ३८०.

"अंदाजाने किती सोडवले?" तिने बावन्न खुणा केल्या, बहुतेक भौतिकशास्त्रातल्या. त्यातले आठ बरोबर, चव्वेचाळीस चूक. म्हणजे बारा गुण गेले. बारांचं एवढं नाही, पण त्या घाईत जीवशास्त्राचे येणारे प्रश्न तिने नीट वाचलेच नव्हते.

"कोरे का नाही सोडलेस?"

"अब्बा, ती सगळे सोडवते, असं तुम्हीच सांगता ना."

अम्मीने मान खाली घातली. आम्हीही.

जुम्म्याला आम्ही तिघं मैत्रिणीच्या घरी गेलो. दार तिनेच उघडलं. हातात भौतिकशास्त्राची वही होती.