सांत्वनाचे पत्र

आनंदाचे पत्र कसेही लिहिले तरी वाचणाऱ्यास ते गोड लागते. दुःखात असलेल्या माणसास लिहावयाच्या पत्राचे तसे नाही. पूर्वी मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ लिहीत नसत आणि ते वाचून होताच फाडून टाकीत. त्या वार्तेनंतर येणारे सांत्वनाचे पत्र मात्र अनेक घरी जपून ठेवलेले मी पाहिले आहे. असे पत्र कसे लिहावे, हे एका उदाहरणाने सांगतो.

१९९१ साली मी एका शाळेत मराठी शिकवीत होतो. सहामाही परीक्षेस दीड महिना उरला असताना आमच्या गणिताच्या शिक्षकांची आई राजापूर तालुक्यातील त्यांच्या गावी वारली. ते त्याच रात्री गावी निघून गेले. शिक्षकांच्या खोलीत सर्वांनाच वाईट वाटले. एक जण म्हणाले, “‘काही लागले तर कळवा’ असे लिहून पाठवू या.”

या वाक्यात सद्भाव होता. परंतु मुलांनो, त्यात सारे कष्ट कोणावर पडतात ते पाहा. आपणांस काय हवे, ते कोणाकडे मागावे, हे सारे दुःखी माणसानेच ठरवावयाचे आणि वर संकोच सोडून पत्रही त्यानेच लिहावयाचे! म्हणून मदत आधी ठरवावी आणि मग पत्र लिहावे, असे मला वाटले.

मला गणित शिकविता येत नव्हते. तेव्हा ‘तुमचा अभ्यासक्रम मी पुरा करतो’ असे लिहिणे खोटे झाले असते. परंतु नववीच्या वर्गावर आम्ही दोघेही जात होतो. गणिताचे तास आठवड्यास सहा होते. तेरावा होईपर्यंत दोन आठवडे जाणार, म्हणजे त्यांचे बारा तास बुडणार. ते बारा तास मी मराठीसाठी घ्यावेत, आणि ते परत आल्यावर माझे तीन तास दर आठवड्यास याप्रमाणे चार आठवड्यांत त्यांना द्यावेत, असा हिशेब मी मांडला. मुख्याध्यापकांची संमती घेतली आणि मगच लेखणी उचलली. पत्र असे होते :

“प्रिय स्नेही यांस सप्रेम नमस्कार.

आपल्या मातोश्री गेल्याचे कळून फार दुःख झाले. मागील वर्षी स्नेहसंमेलनास त्या आल्या होत्या. बरोबर आणलेली फणसपोळी वाटताना त्यांनी पहिला तुकडा आमच्या शिपायांच्या हाती ठेवला, तो प्रसंग मला नेहमी आठवतो. आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा.

नववीचे आपले तास मी मराठीसाठी घेत आहे. आपण आल्यावर तितकेच तास माझ्याकडून घ्यावेत. मुख्याध्यापकांची संमती आहे. या पत्राचे उत्तर पाठवू नये.

आपला स्नेही.”

या पत्रात आधी आई आहे, काम मागून येते. कामाचा उल्लेख प्रथम केला असता, तर ती मदत न वाटता शाळेची आठवण करून दिल्यासारखे झाले असते. आईविषयी जे लिहिले तेही मी स्वतः पाहिलेले होते. ‘वय झालेच होते’, ‘सुटल्या बिचाऱ्या’ असे शब्द मी टाळले. कारण आईचे वय कितीही असो, मुलाला ती हवीच असते.

ते गृहस्थ चौदाव्या दिवशी गावाहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आले. या गोष्टीविषयी आम्ही दोघेही काही बोललो नाही. ठरल्याप्रमाणे ते माझ्या तासांना नववीत जाऊ लागले. पुढे कित्येक महिन्यांनी ते मला म्हणाले, “मुलांचे गणित मागे पडेल म्हणून मी पाचव्याच दिवशी परत निघणार होतो. तुमचे पत्र आले आणि मी थांबलो. बाबा त्या दिवसांत एकटे जेवत नसत.”

आता पत्राऐवजी बहुधा दूरध्वनीच्या पडद्यावर संदेश जातो. तुम्हीही कधी वर्गातील एखाद्या मित्रास असा संदेश लिहाल. दिव्याचे तयार चित्र पाठविण्याऐवजी त्याच्या माणसाची तुम्ही पाहिलेली एक आठवण लिहा. बुडालेल्या अभ्यासाच्या वह्या तुम्ही उतरवून ठेवणार असाल, तर तसे एका वाक्यात कळवा, आणि मग खरोखरच त्या उतरवून ठेवा. शेवटी सारे लिखाण पुन्हा वाचून त्यात प्रश्नचिन्ह आहे का, ते पाहा. ‘कसे झाले?’, ‘केव्हा येणार?’ असा प्रश्न आढळल्यास तो खोडून टाका. कारण प्रश्न आला की उत्तर देण्याचे ओझे त्या मित्रावर पडते.