सर्वजयेचा हंबरडा

‘पथेर पांचाली’त एक हंबरडा आहे, जो आपल्याला ऐकूच येत नाही. चित्रपट १९५५चा. कितीही वेळा पाहिला तरी त्या जागी माझे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट आवळले जातात.

हरिहर कित्येक महिन्यांनी गावी परततो. हाताला काम शोधत तो दूर गेला होता, आणि मधल्या काळात वादळी पावसाच्या एका रात्रीनंतर त्याची लेक दुर्गा तापाने गेली. त्याला याचा पत्ता नाही. पडक्या घराच्या अंगणात उभा राहून तो मुलांना हाका मारतो. त्याची बायको सर्वजया येते, न बोलता पाणी आणून ठेवते. तो ओसरीत बसून आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवू लागतो: पोळपाट-लाटणं, लक्ष्मीची तसबीर, आणि शेवटी दुर्गेसाठी घेतलेली साडी. तोवर पार्श्वसंगीत असं काही नाहीच. घरातले साधे आवाज आहेत, हरिहरचा उत्साही सूर आहे आणि सर्वजयेचं गप्प राहणं आहे. ती साडी हातात येते, सर्वजया ती तोंडाशी नेते, दातांत धरते आणि कोसळते. तिचं तोंड उघडतं. त्या क्षणी तिच्या गळ्यातून आवाज येत नाही, येतो तो तारशहनाईचा वरच्या पट्टीतला सूर.

हे वाद्य महाराष्ट्रात फारसं कानावर पडत नाही. मूळ बांधणी इसराजची, गजाने वाजवायची. त्याला कर्णा जोडलेला असतो, त्यामुळे तंतुवाद्याचा सूर सनईसारखा धारदार होऊन बाहेर पडतो. त्या प्रसंगात ते दक्षिणामोहन ठाकूर यांनी वाजवलं आहे आणि राग आहे पटदीप. मराठी नाट्यसंगीतावर वाढलेल्या कानाला पटदीप परका नाही. कोमल गंधारामुळे तो भीमपलासीच्या जवळ बसतो, पण त्यातला शुद्ध निषाद त्याला वेगळा करतो. षड्जाच्या अगदी उंबऱ्यावर उभा असलेला हा निषाद वर जाण्यासाठी सारखा ओढ घेत राहतो. गजाने तो ताणून धरला की माणसाच्या गळ्याला जे जमत नाही ते होतं: श्वास न तुटता हंबरडा लांबत जातो.

करुणा बॅनर्जींनी तो प्रसंग करताना खरोखर आक्रोश केला होता. दिग्दर्शक सत्यजित राय यांनी तो आवाज काढून टाकला आणि त्या जागी वाद्य ठेवलं. हा निर्णय किती धाडसाचा होता हे समजायचं असेल तर कल्पना करून पाहा, की दोन्ही एकत्र ठेवले असते तर काय झालं असतं. रडण्याचा आवाजही आहे आणि त्याच्याखाली तारशहनाईही आहे, असं ते झालं असतं. आपल्याकडच्या शेकडो चित्रपटांत हेच होतं. दोघं मिळून एकच गोष्ट सांगतात आणि दोघांचाही जोर उतरतो. आवाज काढल्यामुळे सर्वजयेचं रडणं तिच्या एकटीचं राहत नाही. आणि पाहणाऱ्याला स्वतःचं काहीतरी त्यात घालावं लागतं, कारण समोर ओठ हलताहेत आणि त्यांचा आवाज गायब आहे.

मात्र त्या सुराचं बळ त्याच्या आधीच्या शांततेतून आलेलं आहे, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दुर्गा गेली त्या सकाळपासून सर्वजया मोकळेपणी रडताना आपल्याला दिसलेली नाही. शेजारीण येते तेव्हाही ती नुसती बसून असते. हरिहर बोलत राहतो, ती ऐकत राहते. आपण वाट पाहत राहतो, की आता तरी ही बोलेल. त्या वाट पाहण्यात संगीताने मध्येच लुडबुड केली असती, हळुवार सतारीने ‘आता दुःख येणार आहे’ असं सुचवलं असतं, तर तारशहनाईचा पहिला सूर नुसता पुढचा सूर ठरला असता.

चित्रपटाच्या कामात या ठरवण्याला स्पॉटिंग म्हणतात. दिग्दर्शक आणि संगीतकार संकलित चित्रपट समोर लावून बसतात आणि ठरवतात, की संगीत कुठे सुरू होईल आणि कुठे थांबेल. लोकांना वाटतं की चाल सुचणं हेच मुख्य काम. पण सुरुवातीची जागा एका क्षणाने चुकली तरी अख्खा प्रसंग ढासळतो. सूर साडी दिसताक्षणीच आला असता, तर सर्वजयेच्या आधी संगीताला रडू फुटलं असतं. ती कोसळल्यावर दोन सेकंदांनी आला असता, तर तो तिच्यावरचा शेरा वाटला असता. तो नेमका तिच्या उघड्या तोंडातून आल्यासारखा येतो.

आणि हे सगळं संगीत तयार झालं ते घाईघाईत, ही गोष्ट मला अजून थक्क करते. संगीतकार रविशंकर दौऱ्यांत गुंतलेले होते. त्यांनी चित्रपटाचा साधारण अर्धाच भाग कच्च्या संकलनात पाहिला होता आणि ध्वनिमुद्रण एकाच बैठकीत, जवळजवळ अकरा तास चालून पहाटेपर्यंत झालं. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनीसुद्धा सतारीचा काही भाग वाजवला. अशा परिस्थितीत प्रत्येक प्रसंगाला मापून संगीत रचणं शक्यच नव्हतं. म्हणून वेगवेगळ्या रागांतले, वेगवेगळ्या वाद्यांचे तुकडे वाजवून घेतले गेले आणि ते कुठे बसवायचे, कुठे काहीच ठेवायचं नाही, हे काम संकलनाच्या टेबलावर राय यांच्याकडे आलं. कदाचित म्हणूनच तिथली शांतता इतकी विचारपूर्वक आहे. पुढे ‘तीन कन्या’पासून, म्हणजे १९६१पासून, राय आपल्या चित्रपटांचं संगीत स्वतःच करू लागले.

त्या रात्रीच्या संगीतातली एक धून मात्र सगळ्यांच्या लक्षात राहते. बासरीवरची, लोकसंगीताच्या वळणाची, अगदी छोटी. तिचा आकार इतका साधा आहे की दोन-तीन सुरांतच ओळख पटते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या धुनेची ही पहिली अट. ती लांबलचक आणि गुंतागुंतीची असली तर प्रेक्षक ती ओळखेपर्यंत प्रसंग निघून जातो. दुसरी अट अशी, की पहिल्यांदा ती येते तेव्हा तिच्यावर फार ओझं नको. ‘पथेर पांचाली’त ती निश्चिंदिपुरच्या वाटांवर, झाडांखाली, मुलांच्या भटकण्यात मिसळून येते. ती कोणाच्या मृत्यूची धून नाही की कोणाच्या प्रेमाची नाही. आपल्या नकळत ती त्या गावाची, त्या घराची, दुर्गा आणि तिचा भाऊ अपू यांच्या एकत्र असण्याची होऊन बसते.

तिची खरी परीक्षा पुढच्या चित्रपटात होते. १९५६च्या ‘अपराजितो’त कुटुंब बनारसला आहे. तिथले घाट, कबुतरं, गल्ल्या यांचं संगीत वेगळं आहे आणि गावाकडची ती धून जवळजवळ हरवल्यासारखी आहे. हरिहर तिथेच वारतो. सर्वजया एका श्रीमंत घरी स्वयंपाकाचं काम धरते. अपू त्या घरात वरकामं करू लागलेला तिला दिसतो आणि ती मनाशी काही ठरवते. मायलेक आगगाडीत बसतात. खिडकीबाहेर उत्तरेतला कोरडा मुलूख सरकत राहतो, हळूहळू हिरवा होत जातो, बंगाल येतो. आणि तिथे ती बासरी पुन्हा ऐकू येते.

सर्वजया काही बोलत नाही. खिडकीबाहेर बघते, चेहऱ्यावर काहीतरी हलतं, एवढंच. प्रसंगात नाट्य शून्य आहे. पण धून ऐकताक्षणी निश्चिंदिपुर येतं, दुर्गा येते, साडी येते, आणि घरी परतण्याच्या आनंदात ती मुलगी नाही हेही येतं. संवाद लिहून हे सांगायचं म्हटलं असतं तर सर्वजयेला लेकीची आठवण काढून डोळे पुसावे लागले असते. इथे कोणीही दुर्गेचं नाव घेत नाही. धून परत येते तेव्हा ती नवीन काही सांगत नाही, तिच्यात साठून राहिलेलं सांगते. आणि साठतं ते मधल्या काळात ती न वाजल्यामुळे. बनारसच्या प्रत्येक हळव्या प्रसंगावर तीच बासरी ओतली असती, तर गाडीतल्या त्या क्षणासाठी काही शिल्लकच राहिलं नसतं.

मराठीत याच हिशेबाचं मोठं उदाहरण मला ‘सैराट’चं वाटतं. २०१६चा चित्रपट, अजय-अतुल यांचं संगीत, त्यातला सिंफनी ऑर्केस्ट्रा थेट लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित झालेला. गाणी पूर्वार्धात भरभरून येतात. आर्ची-परश्या हैदराबादला पळून जातात आणि उत्तरार्धात एकही गाणं नाही. झोपडपट्टी, भांडणं, पगार, स्कूटर. शेवटी लहानगं पोर दारात येतं, मारल्या गेलेल्या आईबापांकडे बघतं, रडतं, आणि आवाज नाही. कसलाच नाही.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. चित्रपटातली शांतता सहसा संपूर्ण शांत नसते. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा बारीक आवाज असतो, पंख्याचा, बाहेरच्या रस्त्याचा. ध्वनिमुद्रक चित्रीकरण संपल्यावर सगळ्यांना स्तब्ध उभं करून तो आवाज वेगळा टिपून घेतात. त्याला रूम टोन म्हणतात. संवाद नसलेल्या जागी तो भरला नाही, तर प्रेक्षकाला यंत्र बिघडल्यासारखं वाटतं. ‘सैराट’ने शेवटी तो आधारही काढून घेतला. पोराचं रडणं दिसतं, ऐकू येत नाही, आणि थिएटरातल्या माणसाला आपल्या शेजाऱ्याचा श्वास ऐकू येऊ लागतो. सर्वजयेच्या हंबरड्याच्या जागी राय यांनी तारशहनाई ठेवली होती. ‘सैराट’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी काहीच ठेवलं नाही. मला दोन्ही निर्णय बरोबर वाटतात. सर्वजयेचं दुःख कोणीतरी वाटून घेण्यासारखं होतं. त्या पोराचं नव्हतं.

याच्या उलटं होतं, म्हणजे प्रसंगाचं काम संगीतच करू लागतं, तेव्हा ते ओळखणं अवघड नाही. भावुक प्रसंग सुरू झाला की आवाज पूर्ण बंद करून तो एकदा पाहावा, मग पुन्हा आवाजासकट पाहावा. आवाजाविना चेहऱ्यांवर काहीच घडत नसेल आणि आवाज आला की डोळे भरून येत असतील, तर काम व्हायोलिनने केलं आहे, प्रसंगाने नाही. टीव्ही मालिकांमध्ये तर प्रत्येक चेहऱ्याला तीन वेळा धक्का देणारा सूर मिळतो, आणि त्यानंतर खरी बातमी आली तरी कान त्याच सवयीने ती ऐकतात.

शेवटी एक विनंती. ‘अपराजितो’ पाहायचा असेल तर आधी ‘पथेर पांचाली’ पाहा. क्रम उलटा झाला, तर आगगाडीच्या खिडकीतला तो प्रसंग तुमच्यासाठी एका बाईचा प्रवास होऊन संपेल, आणि बासरी नुसती बासरीच राहील.